पाच ग्रॅम मोरचुदातली मोजदाद

रसायनशास्त्राच्या वर्कशीटवर हमखास एक तक्ता असतो. पहिल्या रकान्यात वस्तुमान, दुसऱ्यात मोल, तिसऱ्यात कणांची संख्या. प्रत्येक ओळीत एकच रकाना भरलेला आणि बाकीचे दोन विद्यार्थ्याने भरायचे. नववीत मोल पहिल्यांदा भेटतो, अकरावीत तो पुन्हा येतो आणि त्यानंतर बारावी, नीट, जेईई असा पाठ सोडत नाही. तक्त्यातल्या पहिल्या ओळी सोप्या असतात: ३६ ग्रॅम पाणी म्हणजे किती मोल, अर्धा मोल सोडियमचे वस्तुमान किती. मग पान उलटल्यावर असा प्रश्न येतो: ४.९९ ग्रॅम मोरचुदात पाण्याचे रेणू किती आणि ऑक्सिजनचे एकूण अणू किती? इथे वर्गातली निम्मी पेनं थांबतात.

खरं तर आकडेमोड अजूनही तेवढीच आहे, एक भागाकार आणि एक गुणाकार. पेन अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. पण त्या ठिकाणी जाण्याआधी मोल कशासाठी लागला, ते पाहायला हवं.

हार्डवेअरच्या दुकानात हजार स्क्रू मागितले, तर दुकानदार ते मोजत बसत नाही, काट्यावर टाकतो. एका स्क्रूचं वजन दोन ग्रॅम असेल, तर दोन किलो भरले की हजार झाले. तेवढेच नट हवे असतील आणि एक नट तीन ग्रॅमचा असेल, तर तो तीन किलो नट तोलतो. रसायनशास्त्रज्ञाची अडचण तशीच होती, फक्त एका अणूचं वजन काट्यावर दिसत नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं, की कार्बनचा अणू १२ मानला तर ऑक्सिजनचा १६ भरतो आणि गंधकाचा ३२. तेवढ्यावरही काम भागतं. १२ ग्रॅम कार्बन, १६ ग्रॅम ऑक्सिजन आणि ३२ ग्रॅम गंधक तोलून घेतलं, तर तिन्हींत अणूंची संख्या सारखीच असणार. ती संख्या किती, हे माहीत नसलं तरी सारखी आहे हे नक्की. या संख्येइतक्या कणांचा गठ्ठा म्हणजे एक मोल. तक्त्यातला मधला रकाना हाच.

हा गठ्ठा आधी वापरात आला आणि त्यातली संख्या नंतर कळली, हे पाठ्यपुस्तकांतून फारसं जाणवत नाही. ज्याचं नाव या संख्येला आहे, त्या इटलीच्या आमेदेओ ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये फक्त एवढं सुचवलं होतं, की सारख्या तापमानाला आणि दाबाला वायूंच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी असते. किती, ते त्याने सांगितलं नव्हतं. तो १८५६ मध्ये वारला. १८६५ मध्ये योहान लोश्मिटने हवेच्या रेणूच्या आकाराचा अंदाज बांधला, तेव्हा कुठे संख्येचा पहिला धागा हाती लागला. पुढे फ्रान्सच्या जाँ पेरँने राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात सोडले आणि वेगवेगळ्या उंचीवर ते किती दिसतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरशः मोजून ही संख्या काढली. १९०९ मध्ये तिला ॲव्होगॅड्रोचं नाव द्यावं, हेही त्यानेच सुचवलं. आज ती मोजली जात नाही, ठरवलेली आहे. २० मे २०१९ पासून एक मोल म्हणजे बरोबर ६.०२२१४०७६ × १०²³ कण. त्याआधीची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंवर टेकलेली होती. वर्कशीटच्या उत्तरात या बदलाने तसूभरही फरक पडत नाही, ६.०२२ × १०²³ घेतलं की झालं.

म्हणजे रस्ता असा आहे. ग्रॅममधल्या वस्तुमानाला एका मोलच्या वस्तुमानाने भागलं की मोल मिळतात. मोलला ६.०२२ × १०²³ ने गुणलं की कण मिळतात. उलट जायचं तर कणांना त्या संख्येने भागून मोल काढायचे आणि मोलला एका मोलच्या वस्तुमानाने गुणून ग्रॅम. वस्तुमानातून कणांत थेट उडी नाही, दोन्हीकडचे रस्ते मोलमधूनच जातात. क्लासमध्ये यासाठी त्रिकोण शिकवतात, ज्याच्यावर बोट झाकलं की सूत्र तयार. त्रिकोणाने पहिले दोन-चार प्रश्न पटापट सुटतात, हे खरं. पण त्रिकोणात एक गोष्ट कुठेच लिहिलेली नसते आणि गाडं नेमकं तिथेच अडतं. ती गोष्ट म्हणजे मोल कशाचे?

आठ ग्रॅम ऑक्सिजन वायूचा प्रश्न घ्या. त्यात अणू किती? ऑक्सिजन वायूत अणू जोडीने राहतात, रेणू O₂ आहे आणि त्याच्या एका मोलचं वस्तुमान ३२ ग्रॅम. आठ भागिले बत्तीस, म्हणजे ०.२५ मोल रेणू. रेणूंची संख्या १.५०५ × १०²³. दर रेणूत दोन अणू, म्हणून अणू ३.०१ × १०²³. हा झाला सरळ मार्ग. दुसरा विद्यार्थी आठला सोळाने भागतो. त्याला ०.५ मोल मिळतात आणि उत्तर येतं तेच, ३.०१ × १०²³. तोही बरोबर आहे, कारण सोळा हे ऑक्सिजनच्या अणूंच्या एका मोलचं वस्तुमान आहे, तेव्हा त्याने थेट अणूच मोजले. तिसरा सोळाने भागतो आणि शेवटी ‘रेणूत दोन अणू’ हे आठवून दोनने गुणतो. त्याचं उत्तर ६.०२ × १०²³ येतं आणि ते चूक आहे. गंमत अशी की त्याची प्रत्येक पायरी सुटी पाहिली तर बरोबर वाटते. त्याने ०.५ च्या पुढे नुसतं ‘मोल’ लिहिलं. ‘मोल अणू’ असं लिहिलं असतं, तर अणूंना पुन्हा दोनने गुणायला हात धजावला नसता.

पेपर तपासणाऱ्यांना हा तिसरा विद्यार्थी लगेच ओळखता येतो, कारण त्याचं उत्तर बरोबर दुप्पट असतं. दुप्पट किंवा निम्मं उत्तर आलं की कण चुकला, असं खुशाल समजावं. उत्तर भलत्याच आकड्याचं असेल, तर एका मोलचं वस्तुमान चुकलेलं असतं. आणि उत्तरात १० चा घात कुठच्या कुठे गेलेला असेल, तर भागायच्या जागी गुणलेलं असतं.

हा शेवटचा प्रकार पाण्याच्या एका रेणूचं वस्तुमान विचारलं की दिसतो. १८ ग्रॅममध्ये ६.०२२ × १०²³ रेणू, तर एकाचं वस्तुमान १८ ला त्या संख्येने भागून २.९९ × १०⁻²³ ग्रॅम. घात उणे आहे, म्हणजे दशांशचिन्हानंतर आधी बावीस शून्यं आणि मग २९९. कॅल्क्युलेटरवर मात्र बरेचजण 18 ÷ 6.022 × 10^23 असं सलग टिपतात. यंत्र आधी भागतं आणि आलेल्या उत्तराला १०²³ ने गुणून मोकळं होतं. समोर येतं २.९९ × १०²³. आकडे तेच, घाताचं चिन्ह उलटं, आणि एका रेणूचं वजन एकदम पृथ्वीच्या वीस हजाराव्या हिश्श्यापर्यंत जातं, कारण पृथ्वी साधारण ६ × १०²⁷ ग्रॅमची. पाण्याच्या एका रेणूला हे जरा जास्तच झालं! EXP किंवा ×10ˣ ही कळ वापरली, तर यंत्र सगळी संख्या एकच धरतं आणि घोटाळा टळतो. आपल्या बारावीच्या बोर्डात कॅल्क्युलेटर नसतोच, लॉग टेबल असतं. तिथे आकडे वेगळे आणि घात वेगळे सोडवायची सवय लागते, ती इथे उपयोगी पडते.

आता मोरचूद. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला हा निळा खडा बोर्डो मिश्रणातून चांगलाच ओळखीचा आहे. चुन्याबरोबर कालवून त्याची फवारणी करतात. रसायनशास्त्रात त्याचं सूत्र CuSO₄·5H₂O. सूत्राच्या मध्यावरच्या टिंबाने आजवर कितीजणांचा घात केला असेल, कोण जाणे. गणितात टिंब म्हणजे गुणाकार, म्हणून काहीजण १५९.५ ला ९० ने गुणून एका मोलचं वस्तुमान चौदा हजारांवर नेऊन ठेवतात. रसायनशास्त्रातलं हे टिंब फक्त एवढंच सांगतं, की कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककासोबत पाण्याचे पाच रेणू स्फटिकात बसलेले आहेत. तेव्हा बेरीज करायची. तांबे ६३.५, गंधक ३२, ऑक्सिजनचे चार अणू ६४, मिळून १५९.५. पाच रेणू पाणी म्हणजे पाच गुणिले अठरा, ९०. एकूण २४९.५ ग्रॅम.

इथेच थोडं थांबून हे आकडे किलोत वाचले, तर बागायतदाराच्याही कामाचं काही हाती लागतं. २४९.५ पैकी ९० पाणी आहे. हाताला ठणठणीत कोरडा लागणारा खडा वजनाने एक तृतीयांशाहून जास्त पाणी आहे. आणि तांबे २४९.५ पैकी ६३.५, म्हणजे पिशवीतल्या किलोभर मोरचुदात तांबे जेमतेम पाव किलो.

वर्कशीटकडे परत येऊ. ४.९९ भागिले २४९.५, म्हणजे ०.०२. पण ०.०२ मोल कशाचे? सबंध एककाचे, CuSO₄·5H₂O याचे. हे एवढं उत्तराशेजारी लिहून ठेवलं, की पुढचं सगळं सूत्राकडे पाहून सुटतं. एका एककात पाण्याचे पाच रेणू, म्हणून पाणी ०.१ मोल, म्हणजे ६.०२ × १०²² रेणू. ऑक्सिजनचे अणू मोजताना मात्र दोन ठिकाणी पाहावं लागतं. सल्फेटमध्ये चार आणि पाण्यात पाच, मिळून नऊ. ०.०२ ला नऊने गुणून ०.१८ मोल अणू, म्हणजे १.०८ × १०²³. नुसते पाण्यातले पाच किंवा नुसते सल्फेटमधले चार धरणारे बरेच असतात. आणि तांब्याचे अणू? एककात एकच, म्हणून ०.०२ मोल, १.२० × १०²². एकाच चिमटीत एकाच वेळी ०.०२ मोल, ०.१ मोल आणि ०.१८ मोल आहेत. यांतलं कोणतंही उत्तर चूक नाही, फक्त कण वेगळा आहे. ‘या मोरचुदात किती मोल आहेत’ असा अर्धाच प्रश्न विचारला, तर उत्तरही अर्धंच मिळणार.

मीठही असंच फसवतं. ५.८५ ग्रॅम मीठ म्हणजे NaCl चे ०.१ मोल. पण मिठात सुटे रेणू नसतात, सोडियम आणि क्लोराइडचे आयन असतात. आयन किती, असं विचारलं तर ०.२ मोल, १.२० × १०²³. ‘मिठाचे रेणू किती’ असं छापणारी वर्कशीटं अजून आहेत. तिथे सूत्राचं एक एकक हाच कण आहे, असं समजून पुढे जावं, वाद घालत बसू नये.

अणूचं वस्तुमान काढतानाही एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. तांब्याच्या अणूचं वस्तुमान ६३.५ ला ॲव्होगॅड्रो अंकाने भागून निघतं, १.०५ × १०⁻²² ग्रॅम. गणित बरोबर आहे, पण एवढ्या वस्तुमानाचा तांब्याचा एकही अणू जगात नाही. निसर्गातले तांब्याचे अणू दोन प्रकारचे, ६३ आणि ६५, साधारण सत्तरास तीस या प्रमाणात, आणि ६३.५ ही त्यांची सरासरी. चिमूटभर तांब्यातही अणू इतके असतात, की तोलताना सरासरी धरली तरी काही बिघडत नाही. एकाच अणूबद्दल बोलताना मात्र ती निव्वळ सरासरी उरते.

आता एक प्रश्न उरतो, जो वर्कशीट विचारत नाही. सूत्रात पाचच का? चार किंवा सहा नाहीत, हे कोणाला कसं कळलं? पाण्याचे रेणू कोणी डोळ्यांनी मोजले नव्हते. ते काट्यावरच मोजले गेले, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतही मोजता येतात. चिनीमातीची मूस, बर्नर आणि बरा काटा, एवढंच सामान लागतं. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हात धुणं ओघानं आलंच.

४.९९ ग्रॅम मोरचूद मुशीत तापवली, की निळा रंग फिका पडत जातो आणि शेवटी पांढरी भुकटी उरते. स्फटिकातलं पाणी वाफ होऊन गेलेलं असतं. समजा, गार झाल्यावर भुकटी ३.३४ ग्रॅम भरली. गेलेलं पाणी १.६५ ग्रॅम. आता तोच तक्ता, तेच दोन भागाकार. पाणी १.६५ भागिले १८, म्हणजे ०.०९१७ मोल रेणू. भुकटी ३.३४ भागिले १५९.५, म्हणजे ०.०२०९ मोल कॉपर सल्फेट. एकाला दुसऱ्याने भागलं तर ४.४ येतात. रेणू तर अर्धेमुर्धे बसत नाहीत. तेव्हा ४.४ चा अर्थ सूत्रात ४ लिहावे असा नाही आणि ५ लिहून मोकळं व्हावं असाही नाही. काहीतरी राहून गेलंय, एवढंच तो आकडा सांगतो.

राहून गेलंय ते बहुधा शेवटचं पाणी. पाच रेणूंपैकी चार तांब्याभोवती असतात आणि ते शंभरएक अंशांच्या आसपास निघून जातात. पाचवा सल्फेटशी हायड्रोजन बंधांनी जखडलेला असतो. तो दोनशे अंशांच्या वर गेल्याशिवाय सुटत नाही. घाईने बर्नर बंद केला, की त्यातले काही आतच राहतात आणि भुकटी पांढरीशुभ्र होण्याऐवजी मळकट फिकी दिसते. दुसरी शक्यता अशी, की भुकटी उघड्यावर गार केली. पाणी गेलेलं कॉपर सल्फेट हवेतला दमटपणा इतक्या हावरटपणे ओढतं, की मुंबईच्या पावसाळ्यात काटा डोळ्यांदेखत वर सरकावा. कडेला निळसर छटा परतलेली दिसली, तर कारण हेच.

उपाय एकच. मूस पुन्हा तापवायची, झाकून किंवा शोषकपात्रात गार करायची आणि पुन्हा तोलायची, असं लागोपाठ दोन वजनं जुळेपर्यंत करायचं. दुसऱ्या खेपेला भुकटी ३.२० ग्रॅम भरली, तर पाणी १.७९ ग्रॅम. मोलमध्ये ०.०९९४ आणि ०.०२०१. भागाकार ४.९५. तिसऱ्या खेपेलाही काटा ३.२० वरच थांबला, तर आता ५ लिहायला हरकत नाही. पण कोणी उत्साहाच्या भरात मूस लालबुंद होईपर्यंत तापवत बसला आणि तळाशी काळे ठिपके दिसू लागले, तर पाण्यापाठोपाठ सल्फेटही मोडायला लागलंय, गंधकाचं ऑक्साइड उडून जातंय आणि मागे काळं कॉपर ऑक्साइड उरतंय. अशा मुशीचं वजन पाण्याच्या नावावर मांडलं, तर सूत्रात सहा काय, सातही रेणू निघतील. ती भुकटी बाजूला ठेवून नवा खडा घ्यावा.